टाकीतून ४ लाख ३० हजार लिटर सुटलं, घरात किती पोचलं? आमच्या एका झोनचा हिशेब

मांजराकाठ | रविवार, सकाळी ९.१०

नमस्कार. मी शाळेत विज्ञान शिकवते. गाव मांजरा खोऱ्यातलं, नगरपरिषदेचं. नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या अभियंत्यांनी आम्हाला टाकीवर चढू दिलं त्यांना त्रास व्हायला नको. आमच्याकडे चौथ्या दिवशी दोन तास नळ येतो. "गळती किती आहे?" असं विचारलं की पालिकेतून दर वर्षी एकच उत्तर मिळायचं, ३५ टक्के. हा आकडा कुणी, कधी, कसा काढला ते मात्र कुणालाच सांगता येईना. शेवटी आमच्या गल्लीतल्या काही जणांनी आणि दहावीच्या पोरांनी मिळून एका झोनपुरतं स्वतः मोजलं.

आमच्या झोनला एकच जलकुंभ आहे, गोल, आतून १२ मीटर व्यासाचा. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की साधारण ११३० लिटर पाणी गेलं. टाकीच्या आत शिडीला जुनी पट्टी होती, तिच्यावरचे आकडे पोरांनी घासून, रंगवून पुन्हा वाचण्यासारखे केले. पाळीच्या दिवशी टाकीत पाणी येणारा वॉल पूर्ण बंद करून घेतला, नाहीतर एकीकडून भरतंय आणि दुसरीकडून जातंय, असं झालं तर काहीच कळत नाही. सहा वाजता पातळी ४.२० मीटर होती आणि आठ वाजता ०.४० मीटर. ३.८० मीटर उतरलं, म्हणजे ४ लाख ३० हजार लिटर.

मग घरं. झोनमधली ४० घरं निवडली. काही टाकीजवळची, काही मधली, काही पार शेवटच्या टोकाची. मोटार लावणारी आणि न लावणारी, दोन्ही. पाणी यायच्या आधी हौदात पट्टी बुडवून पाहिली, ड्रम आणि घागरी मोजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजलं आणि मधल्या वेळात वापरलेलं पाणी विचारून त्यात धरलं. टाकीजवळच्या घरांना ९०० लिटरच्या वर, टोकाच्या घरांना जेमतेम ३००. सरासरी निघाली ६२० लिटर.

पालिकेच्या मागणी रजिस्टरात झोनमध्ये ४१० नळ आहेत. गल्लोगल्ली फिरून मोजले तर चालू नळ भरले ४६७. म्हणजे ५७ नळ नोंदीबाहेरचे.

४६७ नळ गुणिले ६२०, २ लाख ८९ हजार लिटर. टाकीतून सुटलं ४ लाख ३० हजार. मधलं १ लाख ४० हजार लिटर गेलं कुठं?

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला जलदूत रेल्वे आली, तेव्हा एका वाघिणीत साधारण ५० हजार लिटर पाणी होतं. त्या गाडीची वाट बघणारे लोक मी पाहिलेत. आमच्या एका झोनमधून एका पाळीला जवळजवळ तीन वाघिणी पाणी जमिनीत जातं, हे कळल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. जाणकारांनी सांगावं, आमचं मोजणं कुठं चुकलंय का, आणि पुढं काय करावं?

पैठणगेट | रविवार, सकाळी १०.३२

मॅडम, मनापासून अभिनंदन. आमच्या संभाजीनगरात जायकवाडी उशाला असून नळाची वाट बघण्यात आयुष्य गेलं. २०१४ ला पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे दिला, २०१६ ला करार मोडला. माझं मत एकच आहे. घरोघरी मीटर लावा. जितकं वापराल तितके पैसे, की गळती आपोआप थांबते. कराडजवळच्या मलकापूरनं तेच केलं. छोटं गाव, चोवीस तास पाणी, प्रत्येक नळाला मीटर. जे त्यांना जमलं ते आपल्याला का जमू नये?

जुना_उपअभियंता | रविवार, दुपारी १२.०५

मॅडम, एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, पण नागरिकांनी टाकी उतरवून मोजल्याचं पहिल्यांदा ऐकतोय. तुमची पद्धत बरोबर आहे. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, ४६७ मधून ४१० वजा करू नका. रजिस्टरातले सगळेच ४१० नळ जमिनीवर आहेत, असं तुम्ही गृहीत धरलंय. घर पाडलं, भावाभावांत वाटणी झाली, नवी जोडणी घेतली आणि जुनी तशीच कागदावर राहिली, असे नळ प्रत्येक गावात असतात. रजिस्टर हातात घ्या आणि एकेक नाव एकेका नळाशी जुळवा. जुळले किती, नोंदीविना किती, आणि नोंद आहे पण नळच नाही असे किती, हे तीन वेगळे आकडे काढा.

दुसरी, तुमच्याकडच्या ३५ टक्क्यांचं मूळ सांगतो. कागदावर गळती म्हणजे सोडलेल्या पाण्यातून महसूल मिळालेलं पाणी वजा करून उरतं ते. मीटर नसलेल्या गावात महसूल मिळालेलं पाणी किती हे कुणालाच माहीत नसतं, कारण पाणीपट्टी नळामागे ठरलेली असते, लिटरमागे नाही. मग तक्ता भरताना एखादा बाबू माणशी १३५ लिटरचा निकष धरतो. तुमच्याच झोनला लावून बघा. ४१० घरं, घरात पाच माणसं, १३५ लिटर, म्हणजे रोजचे २ लाख ७६ हजार लिटर विकले. आणि टाकीतून सुटतात चार दिवसांनी ४ लाख ३० हजार, म्हणजे रोजचे १ लाख साडेसात हजार. सोडलं त्याच्या अडीच पट विकलं! असा तक्ता वर पाठवता येत नाही, म्हणून मागच्या वर्षीचा आकडा पुढं ओढतात. केंद्राच्या सेवास्तर निकषांत २० टक्के हे लक्ष्य आहे, म्हणून मग तीस-पस्तीस लिहिलं की कुणी विचारत नाही.

पैठणगेट, मीटरवर नंतर बोलू. मलकापूरला नुसते मीटर नव्हते लावले, वाहिन्यांचं जाळं आणि घरजोडण्याही नव्या केल्या होत्या. मीटरनं घरातलं पाणी मोजलं जातं. रस्त्याखाली फुटलेला पाइप मीटरच्या अलीकडे असतो, त्याला मीटर काय करणार?

सुलोचना_परभणी | रविवार, दुपारी ३.४८

आमच्या परभणीतल्या घरी नळ आला की पहिली दहा मिनिटं गढूळ आणि वास येणारं पाणी येतं. तक्रार केली तर म्हणतात जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीचा डोस कमी पडला असेल. मग दहा मिनिटांनंतर तेच पाणी काचेसारखं कसं येतं? नातवाला दोनदा कावीळ झाली. पाणी कमी मिळालं तर आम्ही भागवू, पण पिण्याच्या पाण्याचं काय? इथं कुणी सांगेल का?

जुना_उपअभियंता | रविवार, सायंकाळी ५.२०

सुलोचनाताई, तुम्ही विचारलंय पाण्याच्या शुद्धतेबद्दल, पण उत्तर याच धाग्यात आहे. केंद्रातून गढूळ आलं असतं तर दोन तास गढूळच आलं असतं. पाळी संपली की वाहिनी रिकामी होते. जिथून पाणी बाहेर गळतं त्याच भोकातून, दाब गेल्यावर, बाजूच्या गटारीचं पाणी आत येतं. पुढच्या पाळीला ते सगळ्यात आधी तुमच्या नळाला येतं. तुमच्या घराच्या अलीकडे कुठंतरी गळती आहे आणि ती गटारीच्या शेजारी आहे. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी भरू नका, आणि तक्रारीत "गढूळ" एवढंच न लिहिता "पहिली दहा मिनिटं गढूळ, नंतर स्वच्छ" असं वेळ टाकून लिहा. ओ.टी. टेस्टचं किट आरोग्य विभागाकडे असतं. त्यानं पहिल्या मिनिटाचं आणि विसाव्या मिनिटाचं पाणी तपासायला सांगा. पहिल्यात क्लोरीनचा पिवळा रंग आला नाही आणि दुसऱ्यात आला, तर ताई, तो पुरावाच झाला.

शिवा_वॉलमन | रविवार, रात्री ९.५५

नमस्कार साहेब, मॅडम. मी दुसऱ्या गावात वॉलमन हाय, चौदा वर्षं झाली, अजून रोजंदारीवरच. तुमच्या एक लाख चाळीस हजारातलं बरंच पाणी वॉशआऊटच्या वॉलातून जायलं असंल. लाइनीच्या सगळ्यात खालच्या जागी, नाल्याच्या कडंला, घाण काढायला एक वॉल ठिवलेला असतो. वर्षानुवर्षं कुणी उघडत न्हाई, मग त्याच्या सीटवर वाळू बसती अन् तो पुरता बसत न्हाई. पाणी नाल्यात जातंय, रस्त्यावर येत न्हाई, मग तक्रार कोण करणार? पाळीच्या टायमाला नाल्यात बघा. सांडपाण्यात मधीच निवळ पाण्याची धार दिसली तर समजून घ्या.

दुसरं, फेरूल. मोठ्या लाइनीला भोक पाडून घराची जीआय पाइप जिथं जोडतात ती जागा. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर फाटती अन् पावसाळ्यात फुगती. पाइप वर-खाली होती अन् फेरूल ढिलं पडतं. मोठी लाइन फुटली तर कारंजं उडतं, सगळं गाव फोन करतं. फेरूलचं पाणी मुरमात जिरतं, कुणाला दिसत न्हाई.

लेखाशाखा | सोमवार, सकाळी ११.१५

मी एका नगरपरिषदेत लेखा विभागात आहे. आकड्यांबद्दल शंका नाही, पण तुम्ही ज्या कळकळीनं विचारताय त्याचं उत्तर आमच्या वहीत कसं दिसतं ते सांगावंसं वाटतं, कारण गळती का थांबवली जात नाही ते त्यातच आहे.

तुमची पाणीपट्टी वर्षाला १८०० धरतो. आमच्याकडे तेवढीच आहे. पाणी उचलायची वीज, तुरटी, क्लोरीन आणि धरणाच्या पाण्याची पाटबंधारे खात्याची आकारणी, एवढंच पाण्याच्या लिटरांवर कमी-जास्त होतं. आमच्याकडे ते हजार लिटरला ६ रुपयांच्या आसपास येतं. बाकी पगार, कर्ज, देखभाल, तुम्ही पाणी गळू द्या नाहीतर अडवा, तेवढंच राहतं. म्हणजे तुमचे १ लाख ४० हजार लिटर वाचले तर पालिकेचे एका पाळीला ८४० रुपये वाचतील. वर्षाला ९१ पाळ्या धरल्या तर ७६ हजार.

उलट त्याच झोनची मागणी ४१० गुणिले १८००, म्हणजे ७ लाख ३८ हजार. आमच्यासारखी ४५ टक्के वसुली धरली तर ४ लाख रुपये दर वर्षी येतच नाहीत. मुख्याधिकारी साहेबांसमोर दोन फायली ठेवल्या, एकीत ७६ हजार आणि दुसरीत ४ लाख, तर ते कुठली उघडतील? आणि रस्ता खोदून दुरुस्ती करायची तर ७६ हजार एका महिन्यातच संपतील. केंद्राच्या अमृत २.० योजनेत गळती २० टक्क्यांखाली आणायची आहे हे खरं, पण निधी नव्या टाकीला, नव्या वाहिनीला येतो. जुन्या फेरूलच्या दुरुस्तीला कुणी अनुदान देत नाही, ती पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून करायची. ते उत्पन्न म्हणजे हीच न भरलेली पाणीपट्टी.

मांजराकाठ | सोमवार, रात्री ८.४०

लेखाशाखा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुमचा हिशेब पालिकेच्या बाजूनं बरोबर असेल, पण आमच्या बाजूनं तोच हिशेब मांडते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत ५ हजार लिटरचा टँकर ९०० रुपयांना घेतला. १ लाख ४० हजार लिटर म्हणजे २८ टँकर, २५ हजार २०० रुपये. एका पाळीचे! तुमच्या वहीत जे ८४० रुपयांचं नुकसान आहे, ते आमच्या खिशातून २५ हजारांनी जातं. टोकाच्या गल्लीतल्या बाया ३०० लिटरमध्ये चार दिवस काढतात आणि दुसऱ्यांच्या घरी घागर घेऊन जातात. हे नुकसान कुठल्याच फाइलीत नाही, म्हणून ते नाहीच, असं म्हणायचं का?

काकांनी सांगितलं तसं रजिस्टर जुळवलं. ४१० पैकी ३८८ नळ सापडले. २२ नावांचा नळच जमिनीवर नाही. आणि चालू ४६७ पैकी ७९ नळ रजिस्टरात कुठंच नाहीत. मी ५७ म्हटलं होतं, ते चुकलं होतं.

लेखाशाखा | सोमवार, रात्री १०.०५

मॅडम, नाही असं मी कधीच म्हणणार नाही. मी तीच खंत सांगत होतो. नुकसान एकाचं आणि निर्णय दुसऱ्याचा, म्हणून फाइल हलत नाही.

पण तुमच्या नव्या आकड्यानं माझं काम सोपं झालंय. नसलेल्या २२ नळांची मागणी दर वर्षी ३९ हजार ६०० रुपये लागते, वर व्याज. ती थकबाकी कधीच वसूल होणार नाही, आणि तिच्यामुळे वसुलीची टक्केवारी कायम खाली दिसते. ७९ नळ नियमात आणले तर वर्षाला १ लाख ४२ हजार. एक विनंती आहे, त्या ७९ जणांना लगेच चोर म्हणू नका. आमच्याकडे अशा घरांना भेटलो तेव्हा काहींकडे पंधरा वर्षांपूर्वीची अनामत भरल्याची पावती निघाली. पैसे जमा, नोंद नाही. पावती आहे त्यांचं काय करायचं, मागची पट्टी लावायची की नाही, यावर आमच्या सभेत दोन वर्षं ठराव अडकलाय.

पैठणगेट | मंगळवार, सकाळी ९.२८

याच कारणासाठी मी मीटर म्हणतोय. मीटर असता तर पालिकेला प्रत्येक लिटरची किंमत कळली असती, आणि ८४० रुपयांचा आकडा वाढला असता. आणि लोकांना "हवेचं बिल येतं" म्हणून भीती घालतात तो अपप्रचार आहे.

जुना_उपअभियंता | मंगळवार, दुपारी १.१०

पैठणगेट, तुमचं निम्मं बरोबर आहे. किंमत कळायला मोजणी हवीच. पण हवेची भीती खोटी नाही. चार दिवसांची रिकामी वाहिनी भरताना आतली हवा नळांतूनच बाहेर पडते, आणि मीटरचा पंखा पाण्यानं फिरतो तसाच हवेनंही फिरतो. मी स्वतः पाहिलंय, तोटीतून नुसता फुसफुस आवाज येतोय आणि काटा पळतोय. उंच जागी चालू एअर वॉल असले तर हे खूप कमी होतं, पण किती गावांत ते चालू आहेत? उलट गाळ अडकून दोन वर्षांत बंद पडलेले मीटरही पाहिलेत. बंद मीटरला सरासरी बिल लावायचं, म्हणजे पुन्हा ठोक पट्टीच.

म्हणून माझा क्रम असा. आधी टाकीच्या बाहेर जाणाऱ्या वाहिनीवर एक मोठा मीटर. एका झोनला एक. तोही बसवताना त्याच्या अलीकडे वाहिनीच्या व्यासाच्या निदान पाचपट आणि पलीकडे तीनपट सरळ पाइप ठेवा, आणि पाइप भरून वाहील अशा जागी बसवा. बेंडला चिकटवून बसवलेले इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर मी पाहिलेत, आकडा दाखवतात, पण खरा नाही. घरोघरचे मीटर झोनची वाहिनी सुधारल्यावर, पाणी रोज यायला लागल्यावर.

आणखी एक. मॅडम, तुमची गळती टक्क्यात ३३ आहे, पण टक्क्यांवर विसंबू नका. दोन तासांत १ लाख ४० हजार, म्हणजे दाब असताना ताशी ७० हजार लिटर. उद्या कुणी उत्साहानं याच वाहिनीवर चोवीस तास पाणी सोडलं, आणि दाब एवढाच राहिला, तर दिवसाला १६ लाख ८० हजार लिटर नुसतं गळेल. तुमच्या तीन टाक्यांहून जास्त. रोज पाणी देण्याच्या योजना आपल्याकडे इथंच फसतात. नवीन वाहिनीतून धरणाचं पाणी भरपूर येतं, आणि जुन्या गल्ल्यांतल्या जुन्या जाळ्यात मुरतं.

मांजराकाठ | मंगळवार, रात्री ९.००

एक शंका. वाहिनी दर पाळीला रिकामी होते, तर ती भरायलाच बरंच पाणी लागत असेल. ते मी गळतीत चुकीनं धरतेय का?

जुना_उपअभियंता | मंगळवार, रात्री ९.४५

चांगली शंका. चार इंची पाइपच्या एका किलोमीटरमध्ये साधारण ७,८५० लिटर मावतं. तुमच्या झोनमध्ये पाच किलोमीटर धरले तर ३९ हजार. पण वॉल बंद झाल्यावर ते पाणी कुठं जातं? एकतर खालच्या घरांच्या नळातून निघतं, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलंय म्हणून ते घरांच्या हिशेबात आलंय. नाहीतर फुटक्या जागांतून जमिनीत जातं, म्हणजे ती गळतीच. बिनतोटीच्या नळातून गटारीत गेलेलं मात्र तुमच्या मोजणीत गळती म्हणूनच दिसेल. ते वेगळं काढायचं असेल तर तोट्या नसलेले नळ मोजा. तिथं माझ्याकडेही नेमकं उत्तर नाही.

शिवा_वॉलमन | मंगळवार, रात्री ११.१०

मॅडम, गळती हुडकायची तर तुमच्या झोनची पाळी एकदा रात्री दोनला लावा म्हणावं. लोकांनी हौद भरून नळ बंद केले की लोखंडी चावीचं टोक फेरूलच्या वर टेकवायचं अन् दुसरं टोक कानाला. गळत असंल तर सुऽऽ आवाज येतो. दिवसा गाड्या-घोड्यांत काहीच ऐकू येत न्हाई.

अन् आमचंबी ऐका. गळती सापडली तरी फेरूलपासून घरापर्यंतचा पाइप मालकाचा, असा आमच्या पालिकेत नियम हाय. मालक म्हणतो पाणी तर येतंय, मी कशाला खर्च करू? पालिका म्हणती खासगी पाइपला आमचा पैसा घालता येत न्हाई. मधल्या मधी पाणी जायलंय. म्या दोनदा सायकलची ट्यूब बांधून गळती बंद केली, तर पुन्हा सुरू झाली.

मांजराकाठ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६.३०

उशीर झाला, पण मोजल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

शिवादादा, तुम्ही सांगितलेला वॉशआऊट सापडला. नाल्याच्या पुलाखाली, बाभळीच्या मागं. पाळीच्या वेळी गेलो तर मनगटाएवढी धार. ओ.टी.च्या नळीत ते पाणी घेतलं आणि थेंब टाकल्याबरोबर पिवळं झालं. नाल्याचं पाणी असतं तर झालं नसतं. सोबत आलेले अभियंते बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिले. दुसऱ्याच दिवशी वॉल खोलून, सीट साफ करून घेतला.

रात्रीच्या पाळीत चावी लावून आणखी २२ जागा सापडल्या. तीन मोठ्या वाहिनीच्या सांध्यांवर, बाकी १९ फेरूल आणि जीआय पाइपच्या. सांधे पालिकेनं केले. १९ पैकी ११ घरमालकांनी स्वतःच्या खर्चानं पाइप बदलला, कारण आम्ही त्यांना सुलोचनाताईंची पोस्ट वाचून दाखवली. पैशाच्या गोष्टीनं जे हलले नाहीत, ते नातवाच्या कावीळीनं हलले. आठ जण अजून नाही म्हणतात.

मग पुन्हा मोजलं, तसंच, तीच ४० घरं. दोन तासांत टाकी ३.५८ मीटर उतरली, ४ लाख ५ हजार लिटर. घरांची सरासरी ६८० लिटर. ४६७ नळांना ३ लाख १७ हजार ५००. बेपत्ता राहिले ८७ हजार ५००. टाकीतून २५ हजार लिटर कमी सुटलं, तरी घरात २८ हजार लिटर जास्त पोचलं. टोकाच्या गल्लीत पहिल्यांदा ५०० च्या वर आकडा आला.

जुना_उपअभियंता | रविवार, रात्री ८.१५

मॅडम, छान वाटलं. पण एक लक्षात ठेवा. मोठी गळती बंद झाली की दाब वाढतो, आणि उरलेली भोकं आधीपेक्षा जोरात गळतात. त्या आठ घरांच्या फेरूलमधून आता जास्त जातंय. त्यांना सोडू नका.

आणि टाकीच एक मोजमापाचं भांडं आहे, तर उलटंही वापरा. बाहेरचा वॉल बंद ठेवून पंप चालू करा आणि पातळी किती वेगानं चढते ते बघा. पंपाच्या पाटीवर काय लिहिलंय तेही बघा.

मांजराकाठ | पुढचा शनिवार, रात्री ९.२०

काका, केलं. पाटीवर ताशी ९० हजार लिटर आहे. टाकीची पातळी बरोबर साठ सेकंदांत एक सेंटिमीटर चढते, म्हणजे ताशी ६८ हजार. खालच्या संपातली पातळी उतरते ती ताशी ७० हजारांच्या हिशेबानं, म्हणजे मधल्या उर्ध्ववाहिनीत फारसं जात नाही. लॉगबुकात मात्र चालू तास गुणिले ९० असंच लिहितात. म्हणजे पालिका जे पाणी उचललं म्हणते, त्यातलं एक चतुर्थांश पाणी उचललंच गेलं नव्हतं.

लेखाशाखा | शनिवार, रात्री १०.४०

मॅडम, आमच्याही लॉगबुकात असंच लिहितात. आमचा पंप २००९ चा आहे. सोमवारी आमच्या टाकीवर पट्टी आहे का, ते बघायला जातोय.

शिवा_वॉलमन | शनिवार, रात्री ११.३०

इम्पेलर झिजला असंल, नाहीतर सक्शनला हवा घेत असंल. पंप बंद केल्यावर ग्लँडपाशी हात लावून बघा, अन् प्रेशर गेज चालू हाय का ते आधी बघा. आमच्याकडचं गेज सहा वर्षं एकाच आकड्यावर उभं हाय.